अल्बममधील पाहुण्यांची नावे

विवाह लातूरला झाला, वरपक्ष नांदेडचा. काही महिन्यांनी लातूरच्या छायाचित्रकाराने अल्बम पोहोचता केला. दुकान वाढवून झाल्यावर रात्री सारे कुटुंब तो पाहावयास बसले, तेव्हा ध्यानात आले की वधूकडील निम्मे पाहुणे कोणालाच ओळखू येत नाहीत, आणि आपल्याकडील जुन्या आप्तांची नावे केवळ ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांनाच ठाऊक आहेत.

'फोटोंखाली नावे घालून द्यावीत' अशी चिठ्ठी वरपित्याने लिहावयास घेतली. परंतु ती अपुरी होती. छायाचित्रकारास नावे ठाऊक नसतात आणि बांधून झालेल्या अल्बमच्या पानांवर पुन्हा छपाई होत नाही. म्हणून चिठ्ठी बदलून अशी लिहिली :

"सप्रेम नमस्कार. अल्बम मिळाला, काम मनाजोगे झाले आहे. एक विनंती. पाहुण्यांच्या नावांची स्वतंत्र पुस्तिका अल्बमच्याच मापाची छापून द्यावी. नावे आम्ही पुरवू. त्यासाठी प्रत्येक पानाची लहान प्रत पान क्रमांकासह द्यावी. मांडणी करताना एखादा फोटो उलटा फिरविला असल्यास कळवावे. छपाईपूर्वी कच्ची प्रत तपासण्यास पाठवावी. या कामाचा आकार निराळा कळवावा."

उलट्या फोटोची चौकशी अनाठायी नव्हती. पानाचा तोल साधण्यासाठी कधी कधी फोटो आरशातल्यासारखा फिरवितात. मग डावीकडची व्यक्ती उजवीकडे दिसते. फलकावरील अक्षरे उलटी दिसणे किंवा सदऱ्याचा डावा खिसा उजवीकडे जाणे, ही त्याची खूण. नावांचा क्रम नेहमी पाहणाऱ्याच्या डावीकडून आणि जसा फोटो छापला आहे तसाच लावावा.

पानांच्या प्रती येताच एक संच आजोबांपुढे ठेवला, दुसरा लातूरला व्याह्यांकडे धाडला. नुसते 'काका' किंवा 'मामा' लिहावयाचे नाही, असे ठरले. कारण एकाचे काका ते दुसऱ्याचे मामा असतात. पूर्ण नाव, गाव आणि वर किंवा वधूशी नाते, अशी प्रत्येक नोंद केली. स्त्रियांच्या बाबतीत माहेरही लिहिले, कारण आजोबांना पुष्कळ जणी माहेरच्या नावानेच आठवत होत्या.

सतराव्या पानावरील समूहात अकरा जण होते. आजोबांनी सहा ओळखले, व्याह्यांनी पाच. एक व्यक्ती दोन्ही याद्यांत होती, पण नावे भिन्न! दूरध्वनीवर ताळा घेतला, तेव्हा आजोबांनी धाकट्या भावाला थोरला समजल्याचे आढळले. उरलेल्या एका गृहस्थांना कोणीच ओळखले नाही. तेथे अंदाजाने नाव न घालता जागा कोरी ठेवली, कारण छापलेले चुकीचे नाव पुढील पिढी खरेच मानील.

पुस्तिका अल्बमच्याच पेटीत ठेवली आहे. कोरी जागा अद्याप तशीच आहे; घरी येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्यास सतरावे पान आवर्जून दाखविले जाते.