शंख बदलायचाय? आधी रांगेत उभे राहा!

कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये टिटवाळ्याला खिडकीजवळचा प्रवासी उठला की पुढे काय होतं, हे खर्डी-उंबरमाळीपर्यंत जाणाऱ्यांना सांगायला नको. मधला खिडकीकडे सरकतो, तिसरा मधे येतो, चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला नीट बसतो आणि उभ्या असलेल्याला टेकायला जागा मिळते. उतरला एकच माणूस, पण सोय चौघांची झाली. समुद्रकाठचा एक खेकडा घर बदलताना हेच करतो, आणि त्यासाठी आधी उंचीप्रमाणे, म्हणजे आकाराप्रमाणे, रांग लावतो.

हा हर्मिट क्रॅब, शंखात राहणारा खेकडा. पावसाळ्यात आपल्याकडे ओहोळात सापडणाऱ्या खेकड्याला अंगभर कवच असतं. याच्या पोटाचा भाग मात्र मऊ आणि उघडा. म्हणून मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधून तो त्यात शिरतो आणि घर पाठीवर घेऊन फिरतो. अंग वाढतं, शंख वाढत नाही. तोकड्या शंखात अंग पूर्ण आत घेता येत नाही, वाढही खुंटते. जमिनीवर राहणाऱ्या जातींना कल्ले ओले ठेवायला शंखात थोडं पाणी साठवावं लागतं, तेही कमी मावतं. मग सरळ मोठा शंख का घेऊ नये? तो ओढताना दमछाक होते. शिवाय हा खेकडा आत शिरल्यावर आपल्या मोठ्या नांगीने तोंड बंद करतो. शंख फार मोठा असेल तर ते दार नीट लागत नाही. थोडक्यात, शंख मापाचाच हवा, आणि मापाचे रिकामे शंख किनाऱ्यावर सहसा पडलेले नसतात. बहुतेक शंखांत कोणी ना कोणी राहतच असतं.

रांगेचं कोडं सोडवण्याचं काम झालं बेलीझ देशातल्या कॅरी बो के या चिमुकल्या बेटावर. रँडी रॉटजन, जेफ्री शाबो आणि सारा लुईस यांनी कॅरिबियन भागातल्या जमिनीवरच्या हर्मिट क्रॅबवर हा अभ्यास केला आणि तो 2010 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे काय घडतं ते आपल्या ओळखीच्या मापांत पाहू.

वाळूवर लिंबाएवढा रिकामा शंख आहे. बोराएवढ्या शंखातला खेकडा येतो, नांग्यांनी चाचपून बघतो. फारच मोठा! पण तो निघून जात नाही, शेजारीच थांबतो. मग येतो वाटाण्याएवढा. तो बोरवाल्याच्या शंखाला मागून धरतो. नंतर सुपारीएवढा येतो. त्यालाही लिंबू मोठंच पडतं, पण बोरवाल्यापेक्षा तो मोठा, म्हणून त्याची जागा पुढे. प्रत्येकाने पुढच्याचा शंख धरलेला असतो. कधी कधी ही वाट पाहणं तासन्‌तास चालतं.

शेवटी आवळ्याएवढा येतो. लिंबू त्याच्या बरोबर मापाचं. तो आपला शंख सोडून त्यात शिरतो आणि क्षणार्धात सुपारीवाला आवळ्यात, बोरवाला सुपारीत, वाटाणेवाला बोरात! मागे उरतो फक्त वाटाण्याएवढा शंख.

यात कोणी शिस्त लावत नाही, कोणी कोणावर उपकारही करत नाही. सोडलेला शंख मोकळा राहतो तो क्षणभर, आणि तो ज्याच्या मापाचा असतो तो एक घर लहान शंखात राहणारा. त्यामुळे आपल्याहून जरा मोठ्या खेकड्याच्या मागे चिकटून राहण्यात प्रत्येकाचा स्वार्थ आहे. असे सगळेच वागले की रांग आपोआप लागते. अर्थात सगळं असं सुरळीत होतंच असं नाही. एकाच शंखापाशी दोन-तीन रांगा लागतात आणि मग अक्षरशः ओढाओढी होते. अनेकदा रांग लागतही नाही. एकाने टाकलेला शंख दुसऱ्याला बऱ्याच वेळाने सापडतो.

गंमत म्हणजे ही कल्पना आधी माणसांवरून सुचली. एक पद रिकामं झालं की बढत्यांची साखळी कशी लागते, हे समाजशास्त्रज्ञ हॅरिसन व्हाइट यांनी 1970 मध्ये चर्चमधल्या धर्मगुरूंच्या बदल्यांवरून मांडलं. आयव्हन चेस या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने ती 1980 च्या दशकात खेकड्यांना लावून पाहिली.

रिकाम्या घराची ही ओढ आता जिवावर बेतते आहे. मेलेल्या जातभाईचा वास आला की हे खेकडे तिकडे धावतात, कारण त्यांच्या हिशेबी तो शंख रिकामा झाल्याचा सांगावा असतो. किनाऱ्यावर तिरक्या पडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत एखादा खेकडा शिरतो. गुळगुळीत भिंतीवरून त्याला परत चढता येत नाही आणि तो आतच मरतो. त्या वासाने दुसरा येतो, मग तिसरा. हिंदी महासागरातली कोकोस बेटं आणि पॅसिफिकमधलं हेंडरसन बेट इथल्या पाहणीनुसार असे सुमारे 5 लाख 70 हजार खेकडे मेले असावेत. एकाच डब्यात 526 सापडले होते.