वर्तुळातून विमानाचा पंख

विमानाचा पंख आडवा कापला, की दिसणारा आकार पुढून गोलसर, मधे फुगीर आणि मागे टोकदार असतो. अशा आकाराभोवती हवा कशी वाहील हे समीकरणे मांडून थेट काढणे फार अवघड. वर्तुळाभोवतीचा प्रवाह मात्र एकोणिसाव्या शतकातच पूर्ण सुटलेला होता. तेव्हा वर्तुळालाच पंखाचा आकार द्यायचा आणि त्याच्याभोवतीचा प्रवाहही त्याबरोबर वाकवून घ्यायचा, असा मार्ग निघाला. हे काम करणारे सूत्र अगदी लहान आहे: w = z + 1/z. मॉस्कोतील गणिती निकोलाय झुकोव्हस्की यांनी 1910 मध्ये त्यावरून पंखाचे छेद तयार करून दाखवले, म्हणून त्याला झुकोव्हस्कीचे रूपांतर म्हणतात. म्युनिकमध्ये मार्टिन कुट्टा यांनी त्याआधीच, 1902 मध्ये, वाकलेल्या पातळ पंखाचा असाच विचार केला होता.

इथे z ही संमिश्र संख्या आहे. तिचा वास्तव भाग आडवे अंतर सांगतो, काल्पनिक भाग उभे. म्हणजे प्रत्येक z हा प्रतलावरचा एक बिंदू. सूत्र त्या बिंदूला उचलून w या नव्या जागी ठेवते. बिंदू दूरचा असेल तर 1/z नगण्य होतो आणि तो जवळपास जागच्या जागी राहतो, त्यामुळे लांबून येणारा वारा जसाच्या तसा उरतो. जवळ मात्र आकार बदलतात. तरीही दोन रेषांमधला कोन बदलत नाही, आणि म्हणूनच वर्तुळाभोवतीच्या प्रवाहरेषा नव्या आकाराभोवतीही खऱ्या प्रवाहरेषाच ठरतात. याला अपवाद z = 1 आणि z = −1 या दोन बिंदूंचा. तिथे सूत्राचा विकलज, 1 − 1/z², शून्य होतो आणि कोन दुप्पट होतो. पंखाचे मागचे टोक याच अपवादातून जन्माला येते.

केंद्र शून्यावर आणि त्रिज्या 1 असे वर्तुळ घेतले, तर ते चपटे होऊन −2 ते 2 अशी सरळ पट्टी बनते. पट्टीला जाडी हवी असेल तर केंद्र किंचित डावीकडे, −0.1 वर सरकवावे आणि त्रिज्या 1.1 घ्यावी. वर्तुळ आता z = 1 मधूनच जाते, पण −1 त्याच्या पोटात गेलेला असतो. डावे टोक −1.2 सूत्रात घातले की −1.2 − 0.833, म्हणजे −2.033 मिळते, उजवे टोक 2 वर पडते. छेदाची लांबी झाली 4.033. केंद्रापासून 120 अंशांवरचा बिंदू −0.65 + 0.953i हा −1.139 + 0.236i येथे जातो, तर 60 अंशांवरचा 0.45 + 0.953i हा 0.855 + 0.094i येथे. वर्तुळावर दोघांची उंची सारखीच होती. पंखावर पुढचा बिंदू मागच्याच्या अडीचपट उंच झाला. पुढच्या बिंदूपाशी एकूण जाडी लांबीच्या सुमारे 12 टक्के भरते, आणि ही जागा पुढच्या टोकापासून साधारण पाव लांबीवर आहे. मागे, z = 1 पाशी, वर्तुळाच्या कडेचा 180 अंशांचा कोन दुप्पट होऊन 360 अंशांचा होतो; वरची आणि खालची बाजू एकमेकींना स्पर्श करत शून्य कोनात मिळतात. केंद्र वरही सरकवले, तर पंखाला बाक येतो.

आकार मिळाला, पण प्रवाहाचा प्रश्न अजून उरतो. वारा 5 अंश तिरका, खालून वर येत असेल, तर नुसत्या वर्तुळाभोवती वाहणारी हवा मागच्या बाजूला 5 अंशांवर थांबते. टोक मात्र 0 अंशावर आहे. म्हणजे खालची हवा टोकाला वळसा घालून वर चढते आणि मग थांबते. पंखावरचा वेग काढताना वर्तुळावरच्या वेगाला 1 − 1/z² ने भागावे लागते. टोकापाशी हा भाजक शून्य, म्हणून वेग अनंत. अशा हिशेबात पंख मुळीच उचललाही जात नाही. खरी हवा टोकाला असा वळसा घालू शकत नाही, ती टोकावरून सरळ सुटून मागे जाते. कुट्टा आणि झुकोव्हस्की यांनी हीच गोष्ट नियम म्हणून धरली: वर्तुळाभोवती फिरणारा एक जादा प्रवाह मिसळायचा आणि तो नेमका इतका ठेवायचा, की थांबण्याचा बिंदू 5 अंशांवरून सरकून टोकावर यावा. मग अंश आणि छेद दोन्ही शून्य होतात आणि वेग मर्यादित उरतो. या फिरत्या प्रवाहाचे माप, म्हणजे अभिसरण, Γ = 4πaU sin α; यात a वर्तुळाची त्रिज्या, U वाऱ्याचा वेग आणि α तिरकेपणा. सगळ्या गणितात निसर्गाकडून घेतलेली गोष्ट एवढी एकच, आणि तिच्याशिवाय बाकीचे काहीच उपयोगी पडत नाही.

उचलणारे बल, एक मीटर रुंदीमागे, ρUΓ इतके असते. ρ म्हणजे हवेची घनता. वरचा छेद 1 मीटर लांबीचा करून सेकंदाला 30 मीटर वेगाच्या वाऱ्यात 5 अंश तिरका धरला आणि घनता 1.2 किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर बल सुमारे 322 न्यूटन येते, म्हणजे 33 किलो वजन पेलण्याइतके. त्याच लांबीच्या सपाट पट्टीपेक्षा हे सुमारे 9 टक्के जास्त आहे. बाकदार पंखात α मध्ये बाकाचा कोन मिळवतात, म्हणून तो तिरका न धरताही उचलला जातो.

संगणकावर हे चित्र काढणारे एका ठिकाणी हमखास फसतात. z आणि 1/z यांना सूत्र एकाच जागी नेते. 2 आणि 0.5 दोन्ही 2.5 वर पडतात. त्यामुळे 1 आणि −0.833 मधून जाणारे लहान वर्तुळ घेतले तरी पंखाचा आकार हुबेहूब तोच उमटतो. फरक असा, की −1 आता वर्तुळाच्या बाहेर, वाहत्या हवेत आहे. तिथे वेग अनंत होतो आणि प्रवाहरेषा पंखाच्या आत घुसलेल्या दिसतात. आकार बरोबर आणि रेषा पंखातून आरपार, असे दिसले की −1 वर्तुळाच्या आत आहे का, हे आधी पाहावे.

या पद्धतीच्या मर्यादा आदर्श द्रवाच्या मर्यादा आहेत. त्यात चिकटपणा नाही, म्हणून पंखाला मागे ओढणारे बल शून्य निघते. तिरकेपणा पंधरा अंशांच्या आसपास गेला की खरी हवा वरच्या बाजूपासून सुटते आणि उचल कोसळते. सूत्रात मात्र ती वाढतच राहते. हिशेब अमर्याद रुंद पंखाचा असल्याने पंखाच्या बाजूच्या टोकांशी होणारे भोवरेही त्यात येत नाहीत. मागची शून्य कोनाची धार कारखान्यात घडवता येत नाही, म्हणून 1918 मध्ये कार्मान आणि ट्रेफ्ट्झ यांनी सूत्र बदलून धारेला खराखुरा कोन दिला. आज पंखांचे आराखडे झुकोव्हस्कीच्या छेदांवरून होत नाहीत. मात्र आदर्श प्रवाह मोजणारी नवी आज्ञावली तपासताना त्यांचा उपयोग अजूनही होतो, कारण या छेदांवरचा दाब प्रत्येक बिंदूपाशी अचूक काढता येतो.