पासवर्ड खरा, तरी दार बंद

महिन्याची वीस तारीख व्यापाऱ्याला सांगावी लागत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पेढीसाठी जीएसटीआर-3बी सादर करण्याचा तो शेवटचा दिवस. तो चुकला, तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक 18 टक्के दराने व्याज. सोलापुरातील आमच्या टॉवेल-चादरींच्या पेढीत अशाच एका वीस तारखेच्या संध्याकाळी संगणक एकसारखे सांगत होता, ‘पासवर्ड चुकीचा आहे.’ आणि डायरीत लिहिलेला पासवर्ड तर अगदी बरोबर होता.

घडले ते असे. महिन्याच्या आरंभी करसल्लागारांच्या कचेरीत पासवर्ड बदलला गेला. नवा पासवर्ड आमच्या डायरीत उतरवला गेला. परंतु पेढीवरील संगणकाच्या ब्राउझरला त्याची वार्ता नव्हती. त्याने जुनाच जपून ठेवला होता आणि पान उघडताच तोच भरून टाकत होता. पडद्यावर दिसतात ते केवळ काळे ठिपके, त्यामुळे मुनीमजींना वाटे की नवाच भरला आहे.

येथे पहिली तपासणी अगदी सोपी आहे. पासवर्डाच्या चौकटीशेजारी डोळ्याचे चिन्ह असेल, तर ते दाबून आत काय भरले आहे ते वाचावे. चिन्ह नसेल, तर चौकट पूर्ण रिकामी करून डायरीतील पासवर्ड हाताने लिहावा. लहान-मोठ्या अक्षरांकडे लक्ष ठेवावे आणि Caps Lock बंद आहे ना, ते पाहावे. वापरकर्त्याचे नावही तपासावे, कारण दोन फर्मचे व्यवहार एकाच संगणकावर चालत असतील, तर ब्राउझर एकीचे नाव आणि दुसरीचा पासवर्ड पुढे करू शकतो.

तथापि त्या संध्याकाळी हा उपाय सुचण्यापूर्वी घाईत एक उपद्व्याप झाला होता. पुतण्याने कोणाच्या तरी सल्ल्यावरून ब्राउझरमध्ये सर्व कुकीज बंद करून टाकल्या. मग हाताने नवा पासवर्ड लिहिला, तरी ‘चुकीचा’ असे काहीच न म्हणता पान पुन्हा प्रवेशाच्या जागीच परत येऊ लागले.

कुकी म्हणजे चप्पल-स्टँडवर मिळणारा बिल्ला समजावा. पासवर्ड पटला की संकेतस्थळ ब्राउझरच्या हाती एक बिल्ला देते आणि पुढच्या प्रत्येक पानावर तो पाहून आपल्याला ओळखते. ब्राउझरने बिल्ला घेण्यासच नकार दिला, तर पुढच्याच पावलावर आपण अनोळखी ठरतो. चित्रातील अक्षरे बरोबर लिहूनही ती चुकली असे सांगितले जाते, त्यामागेही अनेकदा हेच कारण असते.

म्हणून संदेश नीट वाचावा. ‘चुकीचा पासवर्ड’ असे म्हटले, तर आधी जुन्या साठ्याचा संशय घ्यावा. काही न बोलता पान परत आले, तर कुकीज पाहाव्यात. क्रोम ब्राउझर असल्यास पत्त्याच्या पट्टीत पुढील ओळ लिहून संकेतस्थळांना माहिती ठेवू देण्याची परवानगी आहे ना, ते तपासता येते:

```
chrome://settings/content/siteData
```

परवानगी असूनही अडले, तर Ctrl, Shift आणि N या कळा एकत्र दाबून गुप्त खिडकी उघडावी. तीत जुने बिल्ले नसतात आणि बहुतेक जोड-प्रणालीही बंद असतात. तेथे प्रवेश झाला, तर दोष त्यांच्यातच आहे. त्या एका संकेतस्थळाचीच साठवलेली माहिती पुसावी, सगळ्यांची नव्हे. मात्र साठवलेला जुना पासवर्ड गुप्त खिडकीतही पुढे येतो आणि कुकीज सरसकट बंद असतील तर त्या तेथेही बंदच राहतात, हे ध्यानात ठेवावे.

प्रवेश झाल्यावर एक काम उरते. क्रोममध्ये खालील ओळ लिहून साठवलेली यादी उघडावी आणि त्या संकेतस्थळाच्या जुन्या नोंदी काढून टाकाव्यात; अन्यथा पुढच्या महिन्यात तोच खेळ पुन्हा सुरू होईल.

```
chrome://password-manager/passwords
```

या तपासण्या होण्यापूर्वी पासवर्ड बदलण्याची घाई करू नये. एक तर पडताळणीचा ओटीपी नोंदणीकृत मोबाइलवर जातो, आणि तो पुष्कळदा परगावी गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या किंवा सल्लागारांच्या खिशात असतो. दुसरे म्हणजे प्रत्येक नव्या पासवर्डाबरोबर आणखी एक जुना पासवर्ड जन्माला येतो, आणि ब्राउझर तो जपून ठेवतो. एकच पासवर्ड पुन्हा पुन्हा भरत राहणेही बरे नव्हे. काही अपयशी प्रयत्नांनंतर पुष्कळ संकेतस्थळे खाते काही काळ बंद करतात. दुसऱ्या ब्राउझरमध्ये हाताने लिहूनही ‘चुकीचा’ असेच उत्तर आले, तर मात्र डायरीतील नोंदच चुकली असे समजून पासवर्ड बदलावा.

आमच्या पेढीत कुकीज सुरू केल्या, पासवर्ड हाताने लिहिला आणि विवरणपत्र त्याच रात्री सादर झाले. तेव्हापासून डायरीत पासवर्डाशेजारी तो बदलल्याची तारीखही लिहिली जाते, आणि त्याच दिवशी पेढीच्या संगणकातील जुनी नोंद पुसली जाते.