फोटो चाळीस, पाट्या सतरा

जपानमधल्या नारा शहरात तोदाइजी मंदिर आहे. तिथली कांस्याची बुद्धमूर्ती सुमारे पंधरा मीटर उंच आहे. इ.स. ७५२ मध्ये या मूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा झाला, तेव्हा हातात कुंचला घेऊन डोळे रेखण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला होता. अशा ठिकाणी गेलेला मराठी प्रवासी पाट्यांचे भराभर फोटो काढतो. जपानी वाचता येत नसलं तरी घरी गेल्यावर कुणाकडून तरी भाषांतर करून घेऊ, असा विचार त्यामागे असतो. पुण्यात तर जपानी शिकलेली माणसं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

समजा, एका कुटुंबाने क्योतो, नारा आणि कोयासान अशा सहलीतले पाट्यांचे चाळीस फोटो भाषांतरासाठी दिले. काही फोनवर काढलेले होते, काही कॅमेऱ्यावर. आठवड्याभरात चाळीस परिच्छेद आले. मराठी उत्तम, अर्थ अचूक. पण कुठला परिच्छेद कुठल्या पाटीचा, हे कुणालाच सांगता येईना. नाऱ्याचा मजकूर क्योतोत घुसला होता आणि एका लांब पाटीचा शेवट तिच्या सुरुवातीच्या आधी आला होता. अशा वेळी दोष भाषांतरकाराकडे जातो, पण घोटाळा बहुतेकदा फोटो पाठवण्यापूर्वीच झालेला असतो.

पहिला घोटाळा घड्याळाचा. जपानला पोचल्यावर फोन आपोआप तिथली वेळ घेतो. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र कुणी बदललं नाही तर भारतीय वेळेवरच चालतं, म्हणजे साडेतीन तास मागे. दोन्हीकडचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकून वेळेनुसार लावले, की तोदाइजीत दुपारी पावणेदोनला कॅमेऱ्याने टिपलेली पाटी सव्वादहाची म्हणून नोंदली जाते आणि सकाळच्या क्योतोच्या फोटोंमध्ये जाऊन बसते. हे ओळखायचं कसं? फोन आणि कॅमेरा दोन्हींत एकाच क्षणी टिपलेली एखादी गोष्ट शोधायची. स्टेशनवरचं घड्याळ फोटोत आलं असेल तर उत्तमच. फरक नेमका साडेतीन तासांचा निघाला, तर कॅमेऱ्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने सगळ्यांची वेळ एकदम पुढे नेता येते:

```
exiftool "-AllDates+=3:30" camera
```

इथे `camera` हे फोल्डरचं नाव. मूळ फाइलींची प्रत हा प्रोग्रॅम शेजारी राखून ठेवतो, त्यामुळे चुकलं तरी मागे येता येतं. सहलीच्या मधेच कुणी कॅमेऱ्याचं घड्याळ बदललं असेल, तर मात्र ही आज्ञा त्याआधीच्या फोटोंपुरतीच चालवायची.

ही दुरुस्ती मूळ फाइलींवरच होऊ शकते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो, फोटो काढल्याची वेळ त्यातून गळते आणि नावही बदलतं. अँड्रॉइड फोनवर `IMG-20240412-WA0007.jpg` असं नाव दिसतं. त्यातली तारीख फोटो काढल्याची असेलच असं नाही. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर नाव आणि वेळ दोन्ही शाबूत राहतात. बारीक अक्षरही स्पष्ट राहतं, आणि जपानी अक्षरांत एका रेघेने अर्थ बदलतो.

वेळ दुरुस्त झाली की गट पाडायचे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येक फोटो हा स्वतंत्र मजकूर धरणे. भाषांतर फोटोचं नसतं, पाटीचं असतं. आपल्या कुटुंबाचे चाळीस फोटो नीट पाहिले तर पाट्या सतराच निघतात. काही पाट्या दोन-तीन तुकड्यांत टिपलेल्या, काहींचा जवळून आणि लांबून असा दुहेरी फोटो. म्हणून नावात आधी ठिकाण, मग पाटी, मग तुकडा यावा. `N07-2.jpg` म्हणजे नाऱ्याच्या सातव्या पाटीचा दुसरा तुकडा. सातच्या आधी शून्य हवंच. ते नसेल तर काही प्रोग्रॅम नावं अक्षरागणिक लावतात आणि दहावी पाटी दुसरीच्या आधी येते.

आता ही सातवी पाटीच पाहू. मंदिराच्या आवारातली जुन्या वळणाची लाकडी पाटी, मजकूर उभ्या ओळींचा. पाटी रुंद असल्याने पर्यटकाने आपल्या सवयीने डावीकडून उजवीकडे सरकत तीन फोटो काढले. पण जपानी उभा मजकूर उजवीकडून सुरू होतो. त्यामुळे पहिल्या फोटोत पाटीचा शेवट आहे आणि तिसऱ्यात सुरुवात! भाषा येत नसली तरी हे ताडता येतं. मथळा बहुधा उजव्या टोकाला मोठ्या अक्षरांत असतो. पाटी कुणी आणि कधी लावली, ते डाव्या टोकाला असतं. दोन फोटोंमध्ये एखाददुसरी ओळ सामाईक आली असेल तर जोड कुठे आहे तेही कळतं आणि तीच ओळ दोनदा भाषांतरित होत नाही. तुकड्यांमध्ये अशी ओळ सुटली असेल, तर मधला मजकूर गेला की राहिला हे भाषांतरकारालाही खात्रीने सांगता येत नाही.

मग नावं उलटी करायची का? मुळीच नाही. एकदा दिलेला क्रमांक ही फोटोची ओळख असते. त्यावरून निरोप गेलेले असतात, टिपणं झालेली असतात. वाचनाचा क्रम वेगळ्या रकान्यात लिहावा: ‘पाटी N07, वाचन ३, २, १’. नंतर सापडलेला चौथा तुकडा `N07-4` होतो, मग तो वाचताना मध्ये का येईना. एखादा फोटो बाद झाला तर त्याचा क्रमांक रिकामाच राहू द्यावा.

भाषांतराच्या तक्त्यातही हीच शिस्त हवी. ज्या फोटोत मजकूर नाही किंवा वाचताच येत नाही, त्याचीही ओळ ठेवायची आणि तसं लिहायचं. ती गाळली की तिच्या खालचं सगळं एका घराने वर सरकतं. काम हाती आलं की तीन ठिकाणी पडताळा घ्यावा: पहिली पाटी, शेवटची आणि मधली एखादी. पाटीवर नेहमीच्या आकड्यांत साल असेल तर तेच साल भाषांतरात आहे का, एवढं जपानी न येणाऱ्यालाही तपासता येतं.

सगळ्या पाट्या एकत्र देण्याचा खरा लाभ नावांच्या बाबतीत होतो. कोयासानची एक पाटी कूकाई म्हणते, दुसरी कोबो दाइशी. हा एकच माणूस. दुसरं नाव मृत्यूनंतर मिळालेली पदवी आहे. नाऱ्याच्या पाटीवर बोधिसेनाचं नाव आलं, तर जपानी उच्चार ‘बोदाइसेन्ना’ असा होतो. सालांचंही तसंच. तोदाइजीचं आजचं बुद्धमंदिर होएइ ६ मध्ये पुरं झालं, म्हणजे इ.स. १७०९. पाट्या सुट्या सुट्या दिल्या तर एकीत कूकाई आणि दुसरीत कोबो दाइशी येतो, आणि वाचणाऱ्याला ते दोन साधू वाटतात. म्हणून भाषांतरकाराने पहिल्या पाटीपासून नावांची छोटी यादी करावी, प्रत्येक नावाचं एकच रूप ठरवावं आणि पुढे तेच पाळावं. साल दोन्ही पद्धतींनी द्यावं.

सहलीहून परतल्यावर फोटो पाठवायची घाई होते, ते स्वाभाविक आहे. तरी ठिकाणं अजून आठवत असतानाच एक संध्याकाळ काढून गट आणि क्रमांक लावून घ्या. कुठली पाटी कुठल्या दारापाशी होती, हे तिथे उभ्या राहिलेल्या माणसालाच ठाऊक असतं. भाषांतरकार ते फोटोवरून ओळखू शकत नाही.