‘मोरपंखीच आहे गं, उजेडात बघ!’

वीस वर्षांच्या मैत्रीबद्दल मेसेज लिहायला घेतला की पहिलं वाक्य आपोआप उतरतं: ‘तुझ्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं.’ वाक्य खोटं नसतं. पण तेच वाक्य नणंदेच्या वाढदिवसाला चालतं आणि ऑफिसातून निवृत्त होणाऱ्या बाईंच्या भेटकार्डावरही चालतं. वाचणारीला हे लगेच कळतं. ती जोडलेले हात आणि एक बदाम पाठवते आणि विषय मिटतो.

माझ्या ओळखीच्या एका डोंबिवलीकर बाईंनी 2025च्या जुलैत असा एक मेसेज लिहिला. तो कसा कसा बदलत गेला ते मी पाहिलं होतं, म्हणून त्यांना विचारूनच इथे सांगते.

दोघींची ओळख 2005च्या पावसाळ्यातली, सकाळच्या डोंबिवली लोकलमधल्या बायकांच्या डब्यातली. एक दादरला उतरायची, दुसरी भायखळ्याला. ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांना डब्यातलं जग सांगायला नको. ‘कुठे?’ एवढंच विचारून उतरणारीची जागा धरायची, तिघींच्या बाकावर चौथीने अर्धं टेकायचं, परतीच्या गाडीत मेथी निवडायची, आणि नवरात्रात अख्ख्या डब्याने त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी नेसायची.

ओळख होऊन महिनाही झाला नसेल, तोच 26 जुलै उजाडला. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. या दोघी घरी परतत होत्या आणि कुर्ल्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. रात्र डब्यात गेली. साहजिकच बाईंच्या पहिल्या मसुद्यात बहुतेक हीच रात्र होती. काळोख, पाणी, ‘तू होतीस म्हणून मी तरले’. वाचायला बरं होतं, पण ती रात्र साऱ्या मुंबईची आहे. हजारो माणसं तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या आधाराने तरली होती.

मी त्यांना एवढंच विचारलं, ‘त्या रात्री ती नेमकं काय करत होती?’ त्या विचारात पडल्या आणि एकदम हसायला लागल्या. मैत्रिणीच्या पिशवीत पाव किलो गवार होती. डब्यातले दिवे गेले तरी ती शांतपणे शेंगा मोडत बसली होती. कुणी तरी म्हणालं, अहो, आपण घरी पोचतो की नाही त्याचा पत्ता नाही. त्यावर ती म्हणाली, ‘पोचलो तर भाजी नको का करायला?’

मेसेजचा माल म्हणतात तो हा. माणसाचा गुण आठवू नये, तो काय करतो ते आठवावं. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला नारायण परोपकारी होता हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. लग्नघरातली त्याची धावपळ पाहिली की पुरतं. ‘तू खंबीर आहेस’ हे वाक्य कुणालाही पाठवता येईल. अंधारात गवार मोडणारी बाई मात्र एकच. मसुद्यातलं नाव खोडून दुसऱ्या मैत्रिणीचं नाव घालून पाहावं. वाक्य तरीही शाबूत राहिलं तर ते काढून टाकावं. बाईंच्या पहिल्या मसुद्यातून या चाळणीने जवळजवळ सगळंच गेलं.

विनोदांचं काम थोडं अवघड असतं. या दोघींमधला सर्वात जुना विनोद नवरात्रातला. रंग होता मोरपंखी आणि मैत्रीण आली चक्क निळ्या साडीत. डबा हसायला लागला तशी ती ठसक्यात म्हणाली, ‘मोरपंखीच आहे गं, उजेडात बघ!’ तेव्हापासून कुठलीही फसलेली गोष्ट उजेडात बघायची ठरली. करपलेली चकली, मुलाचे गणितातले मार्क, नवऱ्याने घरीच लावलेला केसांचा रंग, आधारकार्डावरचा फोटो.

दुसऱ्या मसुद्यात बाईंनी हा साडीचा किस्सा सविस्तर लिहिला होता. मी तो काढायला सांगितला. ज्या माणसाला लिहितोय ते त्या डब्यात हजर होतं. त्याला किस्सा कशाला सांगायचा? दोन शब्द टाकावेत आणि पुढे जावं. मेसेजमध्ये विनोदाचं स्पष्टीकरण येऊ लागलं की समजावं, आपण मैत्रिणीला लिहीत नाही, बघ्यांना लिहितोय.

एक विनोद मात्र मुद्दाम वगळावा लागला. मैत्रिणीचं लग्न लांबत होतं त्या दिवसांतला तो होता. बाईंना वाटत होतं, आता तर ती दोन मुलांची आई आहे, आता काय त्याचं? मी विचारलं, हा विनोद तिने स्वतःहून कधी काढलाय का? नाही. दर वेळी बाईच काढायच्या आणि ती हसायची. जो विनोद नेहमी एकाच बाजूने निघतो, तो दुसऱ्या बाजूला कुठे तरी टोचत असतो. वीस वर्षांच्या मेसेजमध्ये त्याला जागा नाही.

शेवटी जो मेसेज गेला तो असा:

‘ए, उठ. ठाणं गेलं, घाटकोपर गेलं आणि आपल्याला वीस वर्षं झाली. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय, त्याचं बिल तुलाच पाठवणार आहे. परवा गवार मोडताना सव्वीस जुलै आठवला. सगळा डबा देवाचं नाव घेत होता आणि तू शेंगा मोजत होतीस. आई गेल्यावर मी पहिल्यांदा गाडीत आले तेव्हा तू मला खिडकी दिलीस. तू! खिडकी! तेव्हा काही बोलले नव्हते. हल्ली ऐरोलीच्या गाडीत खांद्यावर कुणी झोपत नाही, चुकल्यासारखं होतं. शनिवारी ये. अळूवड्या करते. करपल्या तर उजेडात बघ.’

यात मैत्री हा शब्द कुठेच नाही. दुःखाची जागा एकच आहे आणि तीही खिडकीच्या निमित्ताने आलीय. वर्षानुवर्षं खिडकी न सोडणारी बाई त्या दिवशी न बोलता उठली, ते त्या दोघींनाच कळणार. ऐरोलीचं वाक्य मला सर्वात आवडलं, कारण ते आजचं आहे. बाईंचं ऑफिस बदललं, त्या आता ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला जातात आणि रोजची भेट संपलीय. नुसत्या जुन्या आठवणी लिहिल्या की मेसेजला निरोपसमारंभाची कळा येते. म्हणून एखादं वाक्य आजचं असावं आणि शेवटी पुढच्या भेटीचा वार असावा.

मैत्रिणीचं उत्तर दहा मिनिटांत आलं: ‘गवार नव्हती, घेवडा होता. किती वाजता येऊ?’ त्यावर दोघींची तासभर जुंपली आणि वाद शनिवारीही मिटला नाही.

तुम्हाला असा मेसेज लिहायचा असेल तर नेमक्या तारखेसाठी अडून बसू नका. मैत्रीची पहिली तारीख बहुतेकांना ठाऊक नसते. मेसेज ग्रुपवर टाकू नका, तिच्या एकटीच्या नंबरावर पाठवा. आणि सकाळी सातच्या आत तर मुळीच नको. त्या वेळी तो गुलाबाच्या फुलांच्या सुप्रभातांमध्ये हरवेल आणि न वाचताच जोडलेले हात येतील.