रबराच्या ओठावर पंच्याण्णव किलो पाणी

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ऐन उन्हाळ्यात हापशापाशी उभं राहिलं की दोन तक्रारी एकदमच कानावर येतात. पाणी कमी येतंय, आणि दांडा जड झालाय. रोजचंच ऐकणं असल्यामुळे त्यातलं कोडं कुणाला जाणवत नाही. पाणी निम्मंच वर येत असेल तर दांडाही निम्म्याने हलका व्हायला हवा. हापसा मात्र उलटं वागतो. देतो कमी आणि मागतो जास्त.

या कोड्याचं उत्तर जमिनीखाली तीस-चाळीस मीटरवर, काळ्या पाषाणात पाडलेल्या भोकात लोंबकळणाऱ्या एका सिलिंडरमध्ये आहे. गावोगाव दिसणाऱ्या या पंपाचं नाव ‘इंडिया मार्क २’, आणि त्याचं मूळ आपल्या शेजारचंच आहे. साठच्या दशकात बोअरवर ओतीव लोखंडाचे पंप बसवले जात. ते एका घरापुरते बनवलेले असत, त्यामुळे अख्ख्या गावाने हापसायला सुरुवात केली की लवकरच मोडत. गोदावरीपलीकडे जालन्यात मिशनच्या विंधन विहिरींच्या कामातून आणि सोलापुरात ऑस्कर कार्लसन यांच्या सोलापूर वेल सर्व्हिसमधून जास्त टिकाऊ पंप पुढे आले. सोलापूरच्या पंपाचा धागा पकडून युनिसेफ आणि भारतीय अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात मार्क २ घडवला.

वर दिसतो तो दांडा आणि त्याची पेटी. पेटीत एक साखळी, साखळीला १२ मिलिमीटर जाडीच्या सळया एकाखाली एक जोडलेल्या. या सळया पाण्याच्या पाइपातून खाली उतरतात आणि सिलिंडरमधल्या दट्ट्याला धरतात. सिलिंडरला आतून पितळेचं अस्तर असतं, त्याचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर. दट्ट्या त्यात फक्त १२५ मिलिमीटर वर-खाली होतो. त्याच्या पोटात एक झडप असते, सिलिंडरच्या तळाशी दुसरी. दट्ट्याभोवती पेल्याच्या आकाराचे दोन वॉशर असतात. पूर्वी ते चामड्याचे होते, आता नायट्राइल रबराचे असतात. गावात त्यांना सरसकट वायसर म्हणतात.

दांडा खाली दाबला की दट्ट्या वर जातो, त्याची झडप मिटते आणि डोक्यावरचं सगळं पाणी तो उचलतो. त्याच वेळी तळाची झडप उघडते आणि बोअरमधलं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. दांडा वर सोडला की दट्ट्या खाली येतो, तळाची झडप मिटते आणि पाण्याचा सगळा भार आता ती पेलते. दट्ट्या आपली झडप उघडून पाण्यातून अलगद खाली सरकतो. म्हणजे दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला पाण्याचा तो उभा खांब एका झडपेवरून दुसरीवर जातो आणि परत येतो.

भार किती? समजा, बोअरमधलं पाणी जमिनीपासून ३० मीटरवर आहे. दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे ३१.७ चौरस सेंटिमीटर. त्यावर ३० मीटर उंचीचं पाणी म्हणजे ९५ किलो. सिलिंडर ४५ मीटरवर बसवला असेल, तर सळयांचं पाण्यातलं वजन आणखी ३५ किलोंच्या आसपास. असे हे १३० किलो दांड्याच्या आठपट तरफेमुळे हाताला साधारण १६ किलो लागतात. दांड्याच्या स्वतःच्या वजनाची थोडी मदत मिळते आणि घर्षण थोडं अडवतं. हिशेब सोपा राहावा म्हणून दोन्ही बाजूला ठेवू. एका फेऱ्यात सुमारे ४०० मिलिलिटर पाणी चढतं. मिनिटाला ४० फेरे मारले तर पावणेसोळा लिटर.

आता तो वायसर पाहा. त्याचा पातळ ओठ वरच्या बाजूला उघडा असतो. डोक्यावरचं पाणी त्याला आतून बाहेर ढकलतं आणि तो पितळेला चिकटतो. भार वाढला की ओठ आणखी घट्ट बसतो. ज्या पाण्याला अडवायचं, त्याच्याच दाबाने दार लावून घेणारी ही रचना मला या सगळ्या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

त्या ओठाच्या वाट्याला येणारं काम मात्र भयंकर आहे. एका हापशामागे २५० माणसं आणि माणशी रोज ४० लिटर पाणी हा सरकारी योजनांचा जुना निकष. म्हणजे दिवसाला १०,००० लिटर, सुमारे २५,००० फेरे. प्रत्येक फेऱ्यात ओठ पितळेवर पाव मीटर घासतो. दिवसाला सहा किलोमीटरहून जास्त, वर्षाला दोन हजार किलोमीटरच्या वर. पाण्याबरोबर मुरमाची बारीक कच आली तर ती मऊ रबरात रुतून बसते आणि तिथून पितळेवर उभे ओरखडे काढत राहते. असं अस्तर ओरबाडलेलं असेल तर नवा वायसरही लवकर संपतो, कारण त्याला घासणारी भिंतच खरखरीत झालेली असते.

ओठ झिजून पातळ झाला, कडक झाला, की तो भिंतीला टेकेनासा होतो आणि बारीक फट पडते. अगदी बारीक फटीतली गळती फटीच्या रुंदीच्या घनाने वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. म्हणून महिनोन्‌महिने काही जाणवत नाही आणि मग काही आठवड्यांत धार एकदम उतरते.

सुरुवातीचं कोडं इथे सुटतं. दट्ट्या वर जाताना थोडं पाणी बाजूने खाली निसटलं, तरी पाइपातला खांब भरलेलाच असतो. खालचा दाब त्या खांबाच्या उंचीवर ठरतो, किती पाणी निसटलं यावर नाही. दट्ट्यावर ९५ किलो तेवढेच राहतात. तुम्ही पूर्ण भार उचलता, पण बादलीत पडतं ते निसटून उरलेलं.

याहून नवल वाटावं असं आणखी एक आहे. गळती काळावर चालते, फेऱ्यांवर नाही. समजा, झिजलेल्या वायसरमधून दर मिनिटाला एकूण सहा लिटर पाणी परत जातं. मिनिटाला ४० फेरे मारणाऱ्या तरण्या बाईला पावणेसोळातून सहा वजा जाऊन पावणेदहा लिटर मिळतात. पण म्हातारी आजी त्याच हापशावर २० फेरेच मारू शकते. तिचा दट्ट्या आठ लिटर उचलतो आणि सहा गळतात. तिला मिळतात दोन. एकाच पंपाला एक जण “चालतोय की” म्हणते आणि दुसरी “बंद पडलाय” म्हणते. दोघींचंही खरं असतं.

आता उन्हाळा येऊ द्या. बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावांत पाणी साठतं ते बेसॉल्टच्या भेगांत आणि मुरमाड थरांत, आणि हा साठा मुळातच तुटपुंजा. समजा, पाण्याची पातळी ३० वरून ४२ मीटरवर गेली. दट्ट्यावर आता १३३ किलो पाणी, सळया धरून १६८, आणि हाताला २१ किलो. दाब वाढल्यामुळे त्याच फटीतून गळतीही वाढते, सहा लिटरची साडेआठच्या घरात जाते. चाळीस फेऱ्यांना आता जेमतेम साडेसात लिटर. आजीच्या वीस फेऱ्यांना एक थेंबही नाही. १५ लिटरची कळशी नव्या वायसरवर, पाणी ३० मीटरवर असताना ३८ फेऱ्यांत भरायची. आता ८० लागतात, आणि प्रत्येक फेरा पूर्वीपेक्षा जड. जोर आणि फेरे गुणून पाहिले तर कळशीमागची मेहनत जवळजवळ तिप्पट होते. दुष्काळ आणि झीज एकाच वेळी दांड्यावर बसतात, आणि गाव सगळा दोष दुष्काळाला देऊन मोकळं होतं.

तळाच्या झडपेची झीज वेगळी ओळखू येते. तिच्यात खडा अडकला किंवा तिचं रबर खाल्लं गेलं, की हापसा थांबल्यावर पाइपातलं पाणी हळूहळू बोअरमध्ये उतरतं. पहाटे पहिल्या येणाऱ्या बाईला पाइप रिकामा मिळतो. पाइपात सळई सोडून मीटरमागे सुमारे ९०० मिलिलिटर पाणी मावतं. ३० मीटरचा पाइप भरायला २७ लिटर, म्हणजे जवळपास ७० फेरे नुसते कोरडे. पंप चालू असतानाही ही झडप गळते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच. पण पाणी दरवेळी २५-३० फेऱ्यांतच येत असेल, तर संशय झडपेवर घेऊ नये. बारा-तेरा मीटरवर पाइपाला भोक पडलेलं असण्याची शक्यता मोठी, कारण पाणी तेवढंच खाली उतरून थांबलेलं असतं. जमिनीखालचं भोक किती खोल आहे, हे वर उभं राहून फेरे मोजून कळतं!

बाकीच्या खुणाही हातालाच कळतात. दांडा एकदम हलका होऊन पाणी बंद झालं तर सळई तुटली. सुरुवातीला धार चांगली आणि काही मिनिटांनी फसफस करत हवा येऊ लागली, तासभर थांबल्यावर पुन्हा धार चांगली, तर पंपाचा दोष नाही, बोअरच तेवढं पाणी देत नाही. नवा वायसर बसवल्यावर दांडा वर नेताना साखळी सैल पडून झटका बसत असेल, तर वायसर फार घट्ट आहे किंवा सिलिंडरमध्ये कच अडकली आहे. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्याला खाली उतरायला सळयांच्या वजनाचाच आधार असतो.

दुरुस्ती महाग पडते ती वायसरमुळे नाही. मार्क २ मध्ये वायसर बदलायचा तर सिलिंडर वर काढावा लागतो, आणि तो पाइपाच्या टोकाला असतो. ४५ मीटर लोखंडी पाइप, सळया आणि आतलं पाणी मिळून दोनशे किलोंच्या वर वजन भरतं. त्यासाठी तिपाई, पकडी आणि चार-पाच माणसं लागतात. म्हणूनच कोइमतूर भागात ऐंशीच्या दशकात चाचण्या घेऊन ‘मार्क ३’ तयार झाला. त्यात पाइप रुंद ठेवला, म्हणजे तो न हलवता दट्ट्या आणि तळाची झडप दोन्ही आतूनच वर येतात. आपल्याकडे मात्र बहुतेक बोअरवर अजून मार्क २ च आहे. त्यामुळे दुरुस्तीचं पथक येईपर्यंत कुणीतरी साखळीला ग्रीस लावतं, कुरकुर थांबते आणि पंप दुरुस्त झाला असं वाटतं. धार मात्र होती तेवढीच राहते.

तुमच्या गावच्या हापशाची परीक्षा दिवाळीनंतर, पाणी वर असतानाच घ्या. एका मिनिटात पूर्ण ४० फेरे मारा आणि पाणी मापाच्या भांड्यात धरा. पंधरा लिटर आलं तर पंप निरोगी आहे, दहाच्या खाली आलं तर वायसर संपलाय. मग अर्धा तास कुणालाही हात लावू देऊ नका आणि पुन्हा हापसा. पाचापेक्षा जास्त फेरे कोरडे गेले तर तळाची झडप किंवा पाइप गळतोय. हे दोन आकडे तारखेसह ग्रामपंचायतीत लिहून द्या. “हापसा बिघडलाय” एवढ्या निरोपावर पथक ग्रीसचा डबा घेऊन येतं, आकडे दिलेत तर तिपाई घेऊन येईल.