फोटो गेला, दिव्याचा रंग सांगा

गाडी घाट चढत असताना मीटरमध्ये एक दिवा लागतो. शेजारी बसलेला माणूस चटकन मोबाइलवर त्याचा फोटो काढतो, ओळखीच्या मेकॅनिकला पाठवायचा म्हणून. नेटवर्क नसल्यामुळे फोटो जात नाही आणि थोड्या वेळाने फोनच बंद पडतो. शेवटी कुणा दुसऱ्याच्या फोनवरून मेकॅनिक सापडतो, तेव्हा गाडीवाला विचारतो, "लाल दिवा लागला होता, कशाचा ते आठवत नाही. गाडी चालू करून परत फोटो काढू का?" त्यावर जाणता मेकॅनिक आधी एवढंच सांगतो, की चावीला हात लावू नका.

असं सांगण्याचं कारण आहे. मीटरमधले काही दिवे असे असतात, की ते लागलेले असताना इंजिन जितके सेकंद चालेल तितकं नुकसान वाढत जातं. नवा फोटो मिळवण्यासाठी मारलेला स्टार्टर मूळ बिघाडापेक्षा महाग पडू शकतो. म्हणून फोटो हरवला की तो आठवणीतून पुन्हा उभा करावा लागतो, आणि त्यासाठी चार गोष्टी पुरतात. रंग कोणता होता, आकार कसा होता, दिवा स्थिर होता की लुकलुकत होता, आणि तो दिसला तेव्हा इंजिन चालू होतं का.

एवढ्यावर निदान होऊ शकतं, कारण ही चिन्हं कंपनीगणिक बदलत नाहीत. आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यांची चित्रं ठरलेली आहेत आणि रंगांचे अर्थही. लाल म्हणजे माणसाला धोका किंवा गाडीचं मोठं नुकसान जवळ आलेलं. पिवळा किंवा नारिंगी म्हणजे काहीतरी बिघडलंय, लवकर दाखवा. हिरवा म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे, जसे इंडिकेटर किंवा दिवे. निळा प्रामुख्याने हेडलाइटच्या अप्परचा, म्हणजे लांब झोताचा. काही गाड्यांत इंजिन अजून थंड असल्याचा थर्मामीटरही निळा असतो आणि तो गाडी तापली की आपोआप जातो.

खरं तर फोटो हाताशी असला तरी तो नेहमी खरं सांगतोच असं नाही. अंधारात मोबाइलचा कॅमेरा लाल एलईडीचा प्रकाश इतका भडक टिपतो की तो फोटोत नारिंगी दिसतो. लुकलुकणं फोटोत कळत नाही. आणि कित्येक फोटो गाडी थांबवून, इंजिन बंद करून, नुसती चावी फिरवून काढलेले असतात. त्या अवस्थेत ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत लागतो. दिवे शाबूत आहेत की नाही हे दाखवण्यासाठी मीटर तेव्हा बहुतेक सगळेच दिवे लावतो. असा फोटो पाहून निदान करता येत नाही. चौथा प्रश्न त्यासाठीच विचारायचा.

आता ज्या दिव्यांवर गाडी तिथल्या तिथे थांबवायची ते पाहू. पहिला लाल तेलाच्या बुधलीचा, जुन्या अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा दिसणारा आणि चोचीतून थेंब गळणारा. हा तेलाची पातळी दाखवतो अशी सार्वत्रिक समजूत आहे आणि तीच घात करते. हा दिवा तेलाचा दाब दाखवतो. इंजिनमधला क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगना थेट टेकून फिरत नाही. पंपाने दाबून पाठवलेल्या तेलाचा पातळ थर दोन्हींच्या मध्ये असतो. दाब गेला की तो थर जातो आणि धातूवर धातू घासू लागतो. आधी टकटक आवाज येतो, मग बेअरिंग जातं, आणि त्यानंतरही गाडी दामटली तर इंजिन सीझ होतं. या सगळ्याला काही मिनिटंही पुरू शकतात.

आपल्याकडे याची एक नेहमीची वाट आहे. कच्च्या रस्त्यावर उंच गतिरोधक किंवा वर आलेला दगड गाडीच्या पोटाला लागतो आणि इंजिनच्या तळाचं ऑइल चेंबर फुटतं. आवाज होतो, पण गाडी चालत राहते, कारण सगळं तेल एकदम सांडत नाही. पाच-दहा मिनिटांनी, बहुधा वळणावर किंवा चढावर, उरलेलं तेल एका बाजूला सरकतं, पंपाला तेलाऐवजी हवा मिळते आणि लाल बुधली क्षणभर चमकून जाते. ती पुन्हा विझली म्हणून चालक निश्चिंत होतो. खरं म्हणजे तोच थांबण्याचा क्षण असतो. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करायचं, थोडा वेळ थांबून डिपस्टिक काढून पाहायची आणि गाडीखाली तेलाचा माग दिसतो का ते बघायचं. फुटलेल्या चेंबरमध्ये वरून तेल ओतून पुढच्या गावापर्यंत जाण्याचा सल्ला कुणी ना कुणी देतोच, पण तो ऐकू नये. टो करून नेण्याचा खर्च इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो. डिपस्टिकवर तेल पुरेसं दिसलं तरी गाडी चालू करायची नाही, कारण पंप बिघडला असेल तर तेल भरपूर असूनही दाब नसतो. काही गाड्यांत पिवळी बुधलीही असते. तिचा संबंध बहुधा पातळीशी असतो आणि तिथे तेल भरून पुढे जाता येतं. इथे रंग आठवणं किती गरजेचं आहे ते लक्षात येईल.

दुसरा लाल दिवा थर्मामीटरचा, पाण्याच्या लाटांत बुडालेल्या. भर उन्हात, पूर्ण भरलेली गाडी एसी लावून दुसऱ्या गिअरवर घाट चढते तेव्हा हा भेटतो. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतोच. थंडपणाचा निळा दिवा आणि अतितापाचा लाल, एवढंच. म्हणजे लाल लागेपर्यंत चालकाला पूर्वसूचना मिळालेली नसते. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते अति तापलं की वाकतं, आणि हेड व ब्लॉकमधलं गॅस्केट उडतं.

इथे एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला तर थोडी उष्णता बाहेर पडते. पण हे सुरक्षित जागा गाठण्यापुरतं, प्रवास पुरा करण्यासाठी नव्हे. थांबल्यावर रेडिएटरचं झाकण उघडण्याची घाई जीवघेणी ठरते. बंद प्रणालीत दाबाखालचं कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो, तेच द्रव एका क्षणात उकळून तोंडावर-हातांवर उसळतं. निदान अर्धा तास थांबावं, आणि बाजूच्या अर्धपारदर्शक टाकीतली पातळी बाहेरूनच पाहावी. टाकी रिकामी असेल तर गळती आहे. टाकी भरलेली असूनही गाडी तापली असेल तर पंखा, थर्मोस्टॅट किंवा पंप यांपैकी काहीतरी अडलंय. आणखी एक फसवी गोष्ट आहे. कूलंट पूर्ण गळून गेलं तर सेन्सर हवेत लटकतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. तापलेला काटा अचानक खाली आला म्हणजे बरं झालं असं समजू नये.

तिसरा दिवा ब्रेकचा. गोलात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस, रंग लाल. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते पाहायचं, कारण बऱ्याचदा गोष्ट तिथेच संपते. नसेल तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं. पॅड झिजत गेले की टाकीतली पातळी हळूहळू उतरते. अशा वेळी दिवा सुरुवातीला फक्त वळणावर किंवा उतारावर, तेल हिंदकळलं की लागतो. पण पेडल मऊ लागत असेल, नेहमीपेक्षा खोल जात असेल, तर गळती आहे आणि गाडी एक मीटरही पुढे न्यायची नाही. पिवळा एबीएस एकटा लागला तर साधे ब्रेक चालतात, जपून गॅरेज गाठता येतं. लाल ब्रेक आणि पिवळा एबीएस एकत्र लागले तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही गेलेली असू शकते, आणि जोरात ब्रेक दाबताच मागची चाकं जाम होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. तिथेही थांबायचं.

थांबायचं म्हणजे कसं, हेही सांगायला हवं. उतारावर गाडी धावत असताना इंजिन बंद करायचं नाही. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिन बंद झाल्यावर एक-दोन वेळा दाबण्यापुरताच साथ देतो, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. हॅझर्ड लावून डाव्या कडेला यायचं, गाडी पूर्ण थांबली की मग इंजिन बंद करायचं, आणि मागच्या वाहनांना आधीच दिसेल इतक्या अंतरावर त्रिकोण ठेवायचा.

बॅटरीचा लाल चौकोन जरा वेगळा. त्यात बॅटरीपेक्षा चार्जिंगची तक्रार असते. दुसरं काही बिघडलेलं नसेल तर अनावश्यक वीज बंद करून जवळचं गॅरेज गाठता येतं. मात्र बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच पाण्याचा पंपही फिरवतो. बॅटरीचा दिवा लागला आणि तापमानही चढू लागलं, किंवा स्टिअरिंग एकदम जड झालं, तर पट्टा तुटलाय असं धरून थांबायचं.

पिवळ्या दिव्यांत एक मोठा अपवाद आहे. इंजिनच्या आकृतीचा दिवा स्थिर असेल तर दोन-चार दिवसांत दाखवलं तरी चालतं. तोच लुकलुकत असेल आणि गाडी थरथरत असेल तर मिसफायर होतंय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग जळतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून थांबावं. डिझेल गाडीत काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा पिवळा दिवा मात्र अगदी उलट मागणी करतो. बीएस-६ डिझेल गाड्या शहरात थोड्या थोड्या अंतरावर चालवल्या की तो लागतो. तेव्हा गाडी न थांबवता मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवली तर काजळी जळून दिवा बहुधा जातो. लालमध्येही अपवाद आहेत. सीट बेल्ट, उघडं दार किंवा एअरबॅग यांचे लाल दिवे इंजिनला धोका सांगत नाहीत. दार आणि पट्टा लगेच लावायचा. एअरबॅगचा दिवा राहिला तर अपघातात ती कदाचित उघडणार नाही, म्हणून वर्कशॉपची वेळ लांबवू नये.

हरवलेल्या फोटोची भरपाई काही अंशी स्कॅनरने होते. मिसफायर झालं असेल तर P0300 च्या आसपासचे कोड गाडीच्या संगणकात साठून राहतात, आणि बहुतेक गाड्यांत P0302 वाचला की दुसऱ्या सिलिंडरवर बोट ठेवता येतं. एबीएस आणि एअरबॅगही आपल्या नोंदी ठेवतात. पण अनेक साध्या गाड्यांत ऑइलचा दिवा थेट इंजिनवरच्या एका दाबाच्या स्विचला तारेने जोडलेला असतो. तो लागला, विझला, याची नोंद कुठेच राहत नाही. स्कॅनरला काहीच सापडत नाही आणि मालकाला "सगळं ठीक आहे" असं सांगून गाडी परत मिळते. अशा गाडीच्या मालकाने गॅरेजमध्ये स्पष्ट सांगावं, की इंजिन चालू असताना, अमुक वळणावर, लाल बुधली क्षणभर लागली होती. मग मेकॅनिक गाडी चालू करण्याआधी डिपस्टिक काढतो, चेंबरवर ओलसरपणा आहे का पाहतो, आणि स्विचच्या जागी दाब मोजण्याचा गेज लावूनच इंजिन फिरवतो.